रिपोर्टवर सीईसी ५८ आलाय. पोटॅशचं गणित नेमकं कशावर करायचं?

बोदावरचा (दिंडोरी) · ४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. थॉमसनची तीन एकर बाग आहे, डॉगरिज खुंटावर. जमीन भारी काळी, ठिबक, पाणी बहुतेक बोअरचं. फळछाटणी महिन्यावर आलीय म्हणून माती तपासून घेतली. बोदावरून, ड्रीपरपासून वीतभर अंतरावर, ० ते ३० सेंटीमीटरचा नमुना दिला होता. रिपोर्ट असा:

पीएच ८.२, ईसी ०.६२, सेंद्रिय कर्ब ०.६२ टक्के, मुक्त चुना ११.५ टक्के. कॅल्शियम ९४०० पीपीएम, मॅग्नेशियम १०८०, पोटॅशियम ३५१, सोडियम २७६. खाली लिहिलंय सीईसी ५८.१, बेस सॅच्युरेशन १०० टक्के. त्यात कॅल्शियम ८०.९, मॅग्नेशियम १५.५, पोटॅशियम १.५, सोडियम २.१ टक्के.

ज्यांचा सल्ला घेतो ते म्हणाले, पोटॅशियम ४ टक्के हवं, तुमचं दीड आहे, म्हणून एकरी ५० किलोच्या २४ गोण्या एसओपी लागेल, एकदम नाही तर दोन वर्षांत. २४ गोण्या ऐकून मी रात्रभर हिशेबच करत बसलो. दोन वर्षांपूर्वीच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर याच प्लॉटला पालाश ‘भरपूर’ लिहून आलंय. एक कागद भरपूर म्हणतो, दुसरा उपाशी. हा ५८ कसा काढतात आणि त्यावर किती विसंबायचं, एवढं कुणी समजावून सांगेल का?

गोदाकाठ · ४ सप्टेंबर

दादा, ५८ म्हणजे फारच जास्त. आमच्याकडे दीडच्या वर गेलं तरी शेंडे करपतात. आधी पाणी देऊन क्षार खाली ढकला, निचऱ्याचा चर काढा, पोटॅशचं नंतर बघा.

परीक्षानळी · ४ सप्टेंबर

गोदाकाठ, तुम्ही म्हणताय ती ईसी. ती यांची ०.६२ आहे, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा त्रास आत्ता तरी नाही. सीईसी ही वेगळी मोजणी. मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि त्यावर कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे चिकटून बसतात. अशा बसायच्या जागा एकूण किती, ते सीईसी सांगते. ती मोठी आली म्हणून क्षार धुवायला जाऊ नका.

बोदावरचा, तुमच्या रिपोर्टवर उद्या सविस्तर लिहिते. तोवर एक करा. त्याच बोदावरची चिमूटभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. हातमोजे आणि चष्मा घालूनच. काय दिसतं ते सांगा.

शिवारफेरी · ५ सप्टेंबर

मी सल्ल्याचंच काम करतो म्हणून लिहितो. हिशेब सोपा आहे, यात लॅब काही लपवत नाही. प्रत्येक मूलद्रव्याचे पीपीएम त्याच्या ठरलेल्या आकड्यानं भागायचे: कॅल्शियमला २००, मॅग्नेशियमला १२०, पोटॅशियमला ३९०, सोडियमला २३०. उत्तर येतं १०० ग्रॅम मातीमागे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये. काही रिपोर्टवर सेंटीमोल प्रति किलो असं छापतात, आकडा तोच राहतो. चारही मिळवले की सीईसी. एक्सेलमध्ये आकडे एकाखाली एक टाकून हे लिहा:

```
=B2/200+B3/120+B4/390+B5/230
```

बोदावरचा यांचं: ४७.० + ९.० + ०.९ + १.२ = ५८.१. बरोबर जुळतं. पोटॅशियमचा वाटा ०.९ भागिले ५८.१, म्हणजे दीड टक्का. चार टक्के करायला २.३२ हवं, १.४२ कमी पडतं. १.४२ गुणिले ३९० म्हणजे ५५४ पीपीएम. हेक्टरी १५ सेंटीमीटर थराचं वजन २२.४ लाख किलो धरतात, म्हणून २.२४ नं गुणून १२४० किलो पोटॅशियम, एकरी साधारण ५००. पालाशच्या भाषेत ६०० किलो, आणि एसओपीत पालाश निम्मं, म्हणून १२०० किलो. २४ गोण्या. सल्ला देणाऱ्याचं गणित चोख आहे.

शिवाय सीईसी मोठा म्हणजे जमिनीची तिजोरी मोठी. भरून ठेवा, वाया जाणार नाही, पुढची चार वर्षं खत कमी लागेल.

बोदावरचा · ५ सप्टेंबर

ताई, थेंब टाकले. माती चुरचुरली आणि चांगला फेस आला. पांढरे खडे नव्हते, साधी मातीच होती.

परीक्षानळी · ५ सप्टेंबर

मग तुमच्या ५८ चं कोडं सुटलं असं समजा.

शिवारफेरी, भागाकार तुम्ही अचूक सांगितलेत. बेरीज म्हणजे सीईसी, हे मात्र चुना नसलेल्या आणि फार आंबट नसलेल्या जमिनीलाच लागू पडतं. लॅबमध्ये माती अमोनियम अॅसिटेटच्या पीएच ७ च्या द्रावणात हलवतात. अमोनियम कणांवर चढतो आणि बसलेल्यांना खाली उतरवतो. उतरलेले मोजले की झालं, असं आपण धरून चालतो. पण हे द्रावण मातीतला चुनाही थोडा विरघळवतं. त्या चुन्यातलं कॅल्शियम कणावर कधी बसलेलंच नव्हतं, ते दगडाचं कॅल्शियम. यंत्राला दोन्ही सारखीच. म्हणून ९४०० पीपीएममध्ये जागेवरचं किती आणि चुन्याचं किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. बेरीज फुगते आणि फुगलेल्या बेरजेनं भागलं की पोटॅशियमचा टक्का आपोआप खाली जातो. पोटॅशियम जमिनीत होतं तेवढंच असतं.

ओळखायची खूण सोपी आहे. रिपोर्टवरचे चार आकडे स्वतः मिळवून बघा. बेरीज सीईसीशी दशांशापर्यंत जुळली आणि बेस सॅच्युरेशन नेमकं १०० आलं, तर सीईसी वेगळी मोजलेलीच नाही, ती बेरीजच आहे. भाजक आणि भाज्य एकच असेल तर १०० शिवाय दुसरं काय येणार? ज्या लॅब सीईसी स्वतंत्र मोजतात, त्यांच्याकडे चुनखडीच्या जमिनीत कधीकधी १४०-१५० टक्के बेस सॅच्युरेशन येतं. लोक त्याला चूक समजून फोन करतात. माझ्या मते ते आकडे १०० पेक्षा खरे बोलतात, कारण चुना मध्ये आलाय हे त्यात उघड दिसतं.

दुसरा ताळा मातीच्या पोतावरून. तुमच्याकडे चिकण कणांचं प्रमाण किती आलंय?

बोदावरचा · ५ सप्टेंबर

या रिपोर्टवर नाही, जुन्यावर आहे. ५१ टक्के.

परीक्षानळी · ५ सप्टेंबर

दख्खनच्या काळ्या मातीतली चिकण मुख्यतः स्मेक्टाइट गटातली, जिच्यामुळे उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. शुद्ध स्मेक्टाइटची क्षमता ८० ते १२० असते, पण शेतातल्या चिकणीत इतर खनिजंही मिसळलेली असतात, म्हणून मी ६५ ते ७० धरते. ५१ टक्क्यांचे ३३ ते ३६ झाले. सेंद्रिय कर्ब ०.६२, म्हणजे सेंद्रिय पदार्थ एक टक्क्याच्या थोडा वर. त्याचे दोनेक मिळवा. तुमची जमीन ३५ ते ३८ च्या आसपास असावी. ५८ यायला जवळजवळ ८० टक्के चिकण लागेल, आणि तशी तुमची माती नाही.

शिवारफेरी · ६ सप्टेंबर

ताई, आदर ठेवून विचारतो. मुक्त चुना ११.५ टक्के आहे. चुन्याच्या वजनात ४० टक्के कॅल्शियम, म्हणजे ४६,००० पीपीएम. चुना विरघळत असता तर रिपोर्टवर ९४०० नाही, पन्नास हजार यायला हवे होते. मग तो विरघळला असं कशावरून म्हणायचं?

परीक्षानळी · ६ सप्टेंबर

चांगला मुद्दा काढलात. सगळा चुना विरघळत नाही, थोडाच विरघळतो, आणि तोच थोडा आपल्या हिशेबाला पुरून उरतो. खरी सीईसी ३८ धरली तर फुगवटा २० चा. २० गुणिले २०० म्हणजे ४००० पीपीएम कॅल्शियम. अडीचनं गुणलं की १०,००० पीपीएम चुना, म्हणजे मातीच्या वजनाच्या एक टक्का. साडेअकरापैकी एकच टक्का द्रावणात उतरला आणि सीईसी ३८ ची ५८ झाली.

किती उतरेल हे चुना किती बारीक आहे, माती किती वेळ हलवली, मातीच्या किती पट द्रावण घेतलं यावर ठरतं. त्यामुळे एकाच पोत्यातली माती दोन लॅबना दिली तर कॅल्शियम ७००० आणि ११,००० असं येऊ शकतं, आणि दोघांनीही काम नीट केलेलं असतं. पोटॅशियमचा आकडा मात्र दोन्हीकडे जवळपास सारखा येईल. मॅग्नेशियमही थोडं फुगू शकतं, चुन्यात डोलोमाइटचा अंश असेल तर.

बोदावरचा, तोच नमुना उरला असेल तर सोडियम अॅसिटेट, पीएच ८.२ च्या पद्धतीनं सीईसी मोजून घ्या. त्या पीएचला चुना फारसा विरघळत नाही. मुख्य म्हणजे त्यात उतरलेलं कॅल्शियम मोजावंच लागत नाही. सगळ्या जागा सोडियमनं भरायच्या, जादा सोडियम अल्कोहोलनं धुवायचं, मग अमोनियमनं ते सोडियम उतरवून मोजायचं. चुना द्रावणात आला काय, न आला काय, मोजायचं आहे फक्त सोडियम.

कातळकोकण (देवगड) · ७ सप्टेंबर

धागा वाचतोय आणि गोंधळलोय. माझी हापूसची कलमं जांभ्यावर. पीएच ५.४. कॅल्शियम ४८०, मॅग्नेशियम १४४, पोटॅशियम ७८, सोडियम २३. वरच्या सूत्रानं २.४ + १.२ + ०.२ + ०.१ म्हणजे ३.९. रिपोर्टवर सीईसी १२ आणि बेस सॅच्युरेशन ३२.५ टक्के. म्हणजे माझ्याकडे बेरीज उलट कमी भरते. इथे चुनाबिना काही नाही, थेंब टाकले तर हूं की चूं नाही. उरलेल्या ६७ टक्के जागांवर काय बसलंय? आमच्याकडे एकानं सांगितलं की ते सगळं अॅल्युमिनियम, विषारी, ताबडतोब चुना टाका.

परीक्षानळी · ७ सप्टेंबर

तुमचं दुखणं वेगळं आहे, पण नेमकं याच धाग्यात बसणारं. जांभ्याच्या मातीतली चिकण केओलिनाइट आणि लोह-अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची. तिच्या बऱ्याचशा जागा कायमच्या नसतात, पीएच चढला की उघडतात, उतरला की मिटतात. सेंद्रिय पदार्थाचंही तसंच. लॅबनं तुमची १२ सीईसी पीएच ७ च्या द्रावणात मोजली. तुमची मुळं मात्र ५.४ मध्ये राहतात. पीएच ७ ला उघडलेल्या कित्येक जागा तुमच्या बागेत आज अस्तित्वातच नाहीत. त्या रिकाम्या नाहीत आणि त्यांवर विषही बसलेलं नाही.

तुम्ही पोटॅशियम क्लोराइडनं काढलेली विनिमय आम्लता मोजून घ्या. समजा ती ०.५ आली. मग तुमच्या पीएचवरची खरी क्षमता ३.९ अधिक ०.५, म्हणजे ४.४, आणि बेस सॅच्युरेशन ८९ टक्के. तीच माती एका हिशेबानं ३२.५ टक्के भरलेली, दुसऱ्यानं ८९. दोन्ही बरोबर, फक्त प्रश्न वेगळे. अॅल्युमिनियमची भीती ०.५ च्या आकड्यावरून ठरवायची, ६७ टक्क्यांवरून नाही.

खताच्या दृष्टीनं तुम्हाला ४.४ हाच आकडा कामाचा. एवढ्या लहान जागेवर पावसाळ्याच्या तोंडावर सगळं पोटॅश एकदम टाकलं तर बरंचसं कोकणच्या पावसात खाली जाईल. हप्ते पाडा. आणि तुमच्याकडे शेणखत, पालापाचोळा यांनी सीईसी खरोखर वाढते, कारण १० वर २ चढले तर ते मोठं असतं. बोदावरचा यांच्या ३८ मध्ये तेवढ्याच खतानं पडणारा फरक यंत्रालाही जेमतेम दिसेल.

कातळकोकण · ७ सप्टेंबर

म्हणजे चुना नकोच का? आंबा इतकी वर्षं याच मातीत उभा आहे.

परीक्षानळी · ७ सप्टेंबर

आम्लता मोजल्याशिवाय हो-नाही काही सांगणार नाही. आकडा आला की लिहा.

राहुरीकर · १० सप्टेंबर

मी मृदाशास्त्रात एमएस्सी करतोय, गेले दोन महिने हीच सोडियम अॅसिटेटची पद्धत करतोय, म्हणून एक भर. ताईंनी सांगितलेली पद्धत चुनखडीला योग्यच आहे, पण तिचा जीव अल्कोहोलच्या धुण्यात आहे. धुणं कमी पडलं तर कणांमधल्या पाण्यातलं जादा सोडियम राहतं आणि सीईसी फुगते. जास्त धुतलं तर बसलेलं सोडियमही सुटायला लागतं आणि भारी मातीत चिकण तरंगून नितळ पाण्याबरोबर जाते. आम्ही धुतलेल्या अल्कोहोलची ईसी बघून थांबतो.

दुसरी चूक माझ्या हातून प्रत्यक्ष झाली. ५ ग्रॅम माती, शेवटचं द्रावण १०० मिली. फ्लेम फोटोमीटरला द्रावण दहापट पातळ करून दिलं, सोडियम ४३.७ आलं, आणि दहानं गुणायचं राहिलं. सीईसी ३.८! काळ्या मातीला ३.८ कसं येईल म्हणून वही परत बघितली. ४३७ भागिले २३ म्हणजे लिटरला १९, १०० मिलीत १.९, ते ५ ग्रॅमचे, म्हणून वीसपट केले की ३८. त्या दिवसापासून मी आधी पोतावरून अंदाज लिहून ठेवतो आणि मगच यंत्राला हात लावतो.

बोदावरचा · १३ सप्टेंबर

आला रिपोर्ट. दुसऱ्या लॅबकडे उरलेला नमुना दिला होता, सोडियम अॅसिटेटनं. सीईसी ३८.०. राहुरीकर, तुमचा आणि माझा आकडा एकच निघाला, कमाल आहे.

मी बसून हिशेब केला, चुकलं तर सांगा. पोटॅशियम ०.९ भागिले ३८, म्हणजे २.४ टक्के. मॅग्नेशियम ९ म्हणजे २३.७. सोडियम १.२ म्हणजे ३.२. उरलेले २६.९ कॅल्शियमचे, ७०.८ टक्के. आता चार टक्के गाठायचे तर ०.६२ कमी, म्हणजे २४२ पीपीएम, आणि त्याच हिशेबानं एकरी दहा-साडेदहा गोण्या. चौदा गोण्या नुसत्या चुन्यामुळे होत्या तर!

शिवारफेरी · १३ सप्टेंबर

हे मी मान्य करतो. चुनखडीच्या जमिनीत बेरीज सीईसी म्हणून वापरायला नको होती, आणि माझ्या आणखी तीन-चार शेतकऱ्यांचे रिपोर्ट मला आता परत बघावे लागतील. पण दहा गोण्या तरी घालायला हव्यातच ना? चार टक्के ही मर्यादा तर चुकीची नाही.

परीक्षानळी · १४ सप्टेंबर

कॅल्शियम बाकी काढून धरलंत, बरोबर केलंत. चुनखडीत तोच रस्ता.

शिवारफेरी, चार टक्क्यांबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. हे टक्के अमेरिकेतून आले. १९४० च्या दशकात न्यू जर्सीत बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि मिसूरीत आल्ब्रेक्ट यांनी, कॅल्शियम ६५, मॅग्नेशियम १०, पोटॅशियम ५ अशी ‘आदर्श’ जमीन मांडली. त्यांचं काम त्यांच्याकडच्या आंबट जमिनींवर होतं, जिथे उरलेल्या २० टक्के जागांवर हायड्रोजन धरला होता. आपल्याकडे पीएच ८.२ ला हायड्रोजनचा भाग जवळपास नाहीच. पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात कोपित्के आणि मेन्झीज यांनी तोवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासले. एखादं मूलद्रव्य खरोखर कमी पडत नसेल तर नुसतं प्रमाण जुळवून उत्पादन वाढल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही.

आता मृदा आरोग्य पत्रिकेचं ‘भरपूर’. ३५१ पीपीएम गुणिले २.२४, म्हणजे हेक्टरी ७८६ किलो. आपल्या वर्गवारीत २८० च्या वर गेलं की जास्त. पण ही रेघ जांभ्याला आणि काळ्या मातीला एकच ओढलेली आहे. इथे शिवारफेरींच्या तिजोरीची गोष्ट येते, आणि ती अर्धी खरी आहे. मोठी सीईसी पोटॅशियम धरून ठेवते, वाहून जाऊ देत नाही. पण घट्ट धरते म्हणजे मुळाभोवतीच्या पाण्यातही कमीच सोडते. ३५१ पीपीएम कातळकोकण यांच्या जमिनीत असतं तर पाण्यात भरपूर उतरलं असतं. ३८ सीईसीत तेवढंच पोटॅशियम पाण्यात बरंच कमी दिसेल. म्हणून भारी जमिनीला परीक्षणातला आकडा जास्तच लागतो. तिजोरी मोठी तर खत कमी, असा सरळ हिशेब बसत नाही.

बोदावरचा · १४ सप्टेंबर

मग मला पोटॅश कमी आहे की नाही?

परीक्षानळी · १४ सप्टेंबर

ते वेलीला विचारा. देठ परीक्षण केलंय का? मातीवरून तुम्ही ना उपाशी आहात, ना ओसंडून वाहताय. अशा मधल्या जागी मी मातीच्या टक्क्यावर दहा गोण्या लिहून देणार नाही.

बोदावरचा · १४ सप्टेंबर

खरड छाटणीनंतर सूक्ष्मघड निर्मितीच्या वेळी केलं होतं. पोटॅशियम त्यांच्या मर्यादेत, खालच्या कडेला. सोडियम मात्र ‘जास्त’ असा शेरा होता. पानांच्या कडा मण्यात पाणी भरताना करपतात, ते मी पोटॅशची कमी समजत होतो.

शिवारफेरी · १५ सप्टेंबर

हा सोडियमचा शेरा आधी सांगायला हवा होता, दादा. बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आहे का? वरच्या थरापेक्षा खालचा बघा. मी असे प्लॉट पाहिलेत, वर सगळं ठीक आणि दीड फुटाखाली माती ओली असताना साबणासारखी लागते.

परीक्षानळी · १५ सप्टेंबर

शिवारफेरी म्हणतात ते अगदी पटलं. ३० ते ६० चा नमुना द्या. आणि सोडियम मोजताना त्यातलं पाण्यात विरघळलेलं वेगळं काढायला सांगा. अमोनियम अॅसिटेटमध्ये दोन्ही एकत्र येतं. जागेवर बसलेलं तेवढंच सीईसीनं भागायचं.

बोदावरचा · २३ सप्टेंबर

३० ते ६० चा रिपोर्ट: कॅल्शियम १०,०००, मॅग्नेशियम १२६०, पोटॅशियम १९५, सोडियम ६४४. सोडियम अॅसिटेटनं सीईसी ४०. पाण्यात विरघळलेलं सोडियम ०.४. पाण्याच्या रिपोर्टवर बायकार्बोनेटचा आकडा कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेहून मोठा आहे.

माझा हिशेब: सोडियम २.८, त्यातून ०.४ गेले, उरले २.४. भागिले ४०, म्हणजे ६ टक्के. जुन्या पद्धतीनं केलं तर बेरीज ५० + १०.५ + ०.५ + २.८ म्हणजे ६३.८, आणि सोडियम ४.४ टक्के दिसलं असतं. फुगलेल्या आकड्यानं वर पोटॅशची कमी मोठी दाखवली आणि खाली सोडियम लहान दाखवलं. दोन्हीकडे मीच फसलो असतो.

परीक्षानळी · २३ सप्टेंबर

हिशेब बरोबर. १५ टक्क्यांची जी मर्यादा वाचायला मिळते तिच्यावर थांबू नका. स्मेक्टाइटच्या मातीत निचरा त्याच्या कितीतरी आधी बिघडायला लागतो. पाण्याचा आकडा असा असेल तर पाण्यातला कॅल्शियम चुना होऊन खाली बसतो आणि जागा सोडियमला मोकळ्या होतात. एवढा चुना जमिनीत असूनही हे घडतं, कारण पीएच ८.२ ला तो चुना पाण्यात जवळजवळ येतच नाही. लॅबच्या द्रावणात येतो, मुळाजवळ येत नाही.

६ चे ३ टक्के करायचे तर १.२ इतकं सोडियम हलवायचं आहे. १५ सेंटीमीटरच्या थरातलं १ हलवायला हेक्टरी सुमारे १.९ टन जिप्सम लागतं. ३० सेंटीमीटरच्या थराला दुप्पट. म्हणजे हेक्टरी साडेचार टनांच्या वर, एकरी पावणेदोन-दोन टन. हा कागदावरचा आकडा, जिप्सम शुद्ध धरून. आणि सुटलेलं सोडियम खाली जायला निचरा हवा, तो नसेल तर सगळं जागच्या जागी फिरत राहील.

राहुरीकर · २४ सप्टेंबर

ताई, जिप्समऐवजी गंधक का नको? चुना फुकटचा आहेच. गंधकाचं आम्ल झालं की त्याच चुन्याचं जिप्सम होईल, वजनही पाचपट कमी वाहावं लागेल.

परीक्षानळी · २४ सप्टेंबर

होईल, पण ते काम जिवाणूंचं आहे, त्याला महिने लागतात, आणि ते वरच्या थरात होतं. यांचं दुखणं ३० च्या खाली आहे. छाटणीच्या आधी पावसाचं पाणी उरलंय तेवढ्यात काही खाली न्यायचं तर मी जिप्समच घेईन. पुढच्या एप्रिलपासून गंधक लावून बघता येईल.

शिवारफेरी · २४ सप्टेंबर

माझी शंका मॅग्नेशियमची. खालच्या थरात १०.५, म्हणजे २६ टक्के. मॅग्नेशियम एवढं असेल तर सोडियमसारखीच माती दाबते, असं मी शेतात बघितलंय. जिप्सम घालताना तेही हिशेबात धरायचं का?

परीक्षानळी · २५ सप्टेंबर

यावर माझं मत पक्कं नाही. सोडियम असताना मॅग्नेशियम त्याला साथ देतं, हे मानणारे बरेच आहेत. एकट्या मॅग्नेशियमनं तेवढं होतं का, यावर मतभेद आहेत. शिवाय त्या १०.५ मधलं थोडं चुन्याबरोबर आलेलं असू शकतं. मी हिशेब सोडियमवर करेन आणि सहा महिन्यांनी त्याच जागी खड्डा काढून मुळं बघेन.

बोदावरचा · २५ सप्टेंबर

ठरलं ते सांगतो. एसओपी बेसलमध्ये एकरी दोन गोण्या, बाकी मणी धरल्यावर देठाचा रिपोर्ट बघून ठिबकमधून हप्त्यानं. देठ या वेळी फुलोऱ्यात, घडासमोरच्या पानाचे. जिप्सम आधी एकाच एकरात, बोद उकरून, आणि दोन ओळींमधल्या चराचं तोंड ओढ्याकडे काढून. उरलेले दोन एकर तसेच ठेवतोय, तुलनेला. ट्रॅक्टरवाला परवा येतोय.

कातळकोकण · २ ऑक्टोबर

आम्लता आली. ०.३. म्हणजे ३.९ अधिक ०.३, ४.२, आणि ९३ टक्के भरलेली. ताई, आता चुन्याचं सांगा.

परीक्षानळी · २ ऑक्टोबर

अॅल्युमिनियमसाठी नको. कॅल्शियम ४८० आहे, ते मात्र फळाच्या दृष्टीनं कमी वाटतंय. साका किती येतो तुमच्याकडे?